वीस आणि तीस: गणित कच्चे असताना भिंगे व विद्युतधारेच्या उदाहरणांची उजळणी

प्रश्न: सर, मी बारावीला आहे आणि अकरावीत गणित सोडून फक्त जीवशास्त्र घेतले. नीटला दोन महिने उरले आहेत. प्रकाशशास्त्र आणि विद्युतधारा या प्रकरणांची सूत्रे मला पाठ आहेत, शिकवताना सगळे समजतेही, पण उदाहरण स्वतः सोडवायला घेतले की उत्तर चुकते, आणि माझे चुकीचे उत्तर नेमके पर्यायांत दिलेले असते. गणित कच्चे असताना या दोन प्रकरणांची उजळणी कशी करावी?

उत्तर:

चुकीचे उत्तर पर्यायांत सापडते हा योगायोग नाही. विद्यार्थी कोणत्या ठिकाणी घसरतात हे प्रश्न काढणाऱ्याला माहीत असते आणि त्या घसरण्यातून येणारी संख्या तो मुद्दाम पर्यायांत ठेवतो. त्यामुळे तुमची उजळणी सूत्रांपासून सुरू होऊ नये, ती घसरण्याच्या जागांपासून सुरू व्हावी. या दोन प्रकरणांमध्ये अशा जागा फार थोड्या आहेत, कारण इथे लागणारे बहुतेक गणित आठवी-नववीचे आहे: अपूर्णांकांची बेरीज-वजाबाकी, गुणोत्तर आणि दहाचे घात. कलन जवळजवळ लागत नाही आणि त्रिकोणमितीतले तीस, पंचेचाळीस व साठ अंशांचे गुणोत्तर आले की बरेचसे काम भागते.

मी माझ्या वर्गात ही दोन्ही प्रकरणे केवळ 20 आणि 30 या दोन संख्या घेऊन उजळतो. तोच मार्ग इथे सविस्तर लिहितो, कारण कच्च्या गणिताची खरी अडचण त्यात लवकर उघडी पडते.

बहिर्वक्र भिंगाचे नाभीय अंतर 20 सेंमी आहे आणि वस्तू भिंगापासून 30 सेंमी अंतरावर ठेवली आहे, तर प्रतिमा कुठे मिळेल? सूत्र 1/v − 1/u = 1/f असे आहे. वस्तू भिंगाच्या डावीकडे, म्हणजे प्रकाशाच्या प्रवासाच्या उलट दिशेला मोजली जाते, म्हणून u = −30 आणि f = +20. त्यामुळे 1/v = 1/20 − 1/30 होते. 20 आणि 30 यांचा लसावि 60, म्हणून 3/60 − 2/60 = 1/60, आणि v = +60 सेंमी. विशालन v/u = 60/(−30) = −2, म्हणजे प्रतिमा उलटी आणि दुप्पट उंचीची.

आता घसरण पाहा. ज्याने u ला ऋण चिन्ह दिले नाही त्याच्याकडे वजाबाकीच्या जागी बेरीज येते: 3/60 + 2/60 = 5/60, म्हणून v = 12 सेंमी. पर्यायांत 12 असणारच. दुसरी घसरण त्याहून साधी आहे: 1/60 पर्यंत बरोबर पोहोचून शेवटी उलटायचे विसरणे. आणि तिसरी, जी गणित सोडलेल्या मुलांमध्ये मला सर्वांत जास्त दिसते, ती म्हणजे 1/20 − 1/30 चे उत्तर थेट 1/10 किंवा 1/(−10) असे लिहून टाकणे. ही शेवटची चूक तुमच्या वहीत असेल तर भौतिकशास्त्र तीन दिवस बाजूला ठेवा आणि फक्त व्यस्त अपूर्णांकांच्या जोड्या सोडवा: 10 व 15, 12 व 20, 15 व 40, 25 व 100. प्रत्येक जोडीची बेरीज आणि वजाबाकी दोन्ही करा आणि शेवटी उलटा. रोज वीस मिनिटे पुरेशी आहेत.

20 आणि 30 या जोडीतून फक्त दोनच उत्तरे निघू शकतात: बेरीज केली तर 12, वजाबाकी केली तर 60. भिंगे आणि आरसे यांचे अर्धे प्रकरण एवढ्याच निर्णयावर उभे आहे, की जोडायचे का वजा करायचे. हा निर्णय चिन्हांच्या नियमांतून मिळतोच, पण प्रकाश काय करतो हे पाहूनही तो मिळतो, आणि गणित कच्चे असलेल्याने दोन्ही वाटांनी जावे म्हणजे एक वाट दुसरीची तपासणी करते.

समोर ठेवलेल्या वस्तूकडून येणारे किरण पसरत येतात. बहिर्वक्र भिंग आणि अंतर्वक्र आरसा त्या किरणांना एकत्र आणू पाहतात, म्हणजे वस्तूचे पसरवणे आणि भिंगाचे गोळा करणे एकमेकांच्या विरुद्ध जातात, म्हणून इथे वजाबाकी. अंतर्वक्र भिंग आणि बहिर्वक्र आरसा हे आधीच पसरणाऱ्या किरणांना आणखी पसरवतात, दोघे एकाच दिशेने काम करतात, म्हणून तिथे बेरीज. 30 सेंमी नाभीय अंतराचे अंतर्वक्र भिंग घ्या आणि वस्तू 20 सेंमीवर ठेवा: प्रतिमा 12 सेंमीवर, वस्तूच्याच बाजूला, आभासी. 20 सेंमी नाभीय अंतराचा बहिर्वक्र आरसा घ्या आणि वस्तू 30 सेंमीवर ठेवा: प्रतिमा आरशाच्या मागे 12 सेंमीवर आणि आकाराने 12/30, म्हणजे 0.4 पट. पसरवणाऱ्या साधनात प्रतिमा वस्तूच्या मानाने नेहमी जवळ आणि लहान असते, आणि बेरजेचे उत्तर दोन्ही संख्यांपेक्षा लहान येते, या दोन गोष्टी एकच आहेत.

वजाबाकीतही एक वळण आहे. बहिर्वक्र भिंगाचे नाभीय अंतर 30 सेंमी असेल आणि वस्तू 20 सेंमीवर असेल, तर वस्तू नाभीच्या आत येते. आता 1/v = 1/30 − 1/20 = −1/60, म्हणजे v = −60. संख्या तीच, चिन्ह बदलले: प्रतिमा वस्तूच्याच बाजूला, आभासी, सुलट आणि तिप्पट. साधे भिंग हातात धरून आपण बारीक अक्षर वाचतो ते हेच. इथे चिन्ह चुकले तर प्रतिमेचे स्वरूपही चुकते, म्हणून गणित मांडण्याआधी वस्तू नाभीच्या आत आहे की बाहेर, हे कागदावर एका रेघेने दाखवून ठेवा.

या युक्तीची मर्यादाही सांगतो, कारण ती न सांगितल्यास परीक्षेत नुकसान होईल. दोन भिंगे अंतरावर ठेवली असतील तर पहिल्या भिंगाकडून गोळा होत आलेले किरण दुसऱ्यावर पडू शकतात. अशा किरणांपुरती वस्तू दुसऱ्या भिंगाच्या पुढे, उजवीकडे असते आणि u धन होतो. किरण भिंगामागे 30 सेंमीवर एकत्र येणार होते आणि वाटेत 20 सेंमी नाभीय अंतराचे बहिर्वक्र भिंग आले, तर 1/v = 1/20 + 1/30 आणि उत्तर 12 सेंमी. भिंग गोळा करणारे असूनही इथे बेरीज आहे, कारण आता किरण आणि भिंग दोघेही गोळा करण्याच्याच बाजूचे आहेत. तर्क तोच राहिला, फक्त येणारे किरण पसरते आहेत असे गृहीत धरायचे नाही. हे उदाहरण ज्याला नीट समजले त्याला चिन्हांचा तक्ता पाठ करावा लागत नाही, पण दोन महिन्यांत ते पक्के होत नसेल तर दोन भिंगांच्या उदाहरणात गुपचूप सूत्र आणि चिन्हांचाच आधार घ्यावा.

पुष्कळ मुले v = uf/(u+f), आरशासाठी v = uf/(u−f), विशालनासाठी आणखी दोन अशी तयार सूत्रे पाठ करतात. गणित चांगले असलेल्यांना ती सोयीची पडतात. तुम्हाला मी ती पाठ करायला सांगणार नाही, कारण भिंगाचे कोणते आणि आरशाचे कोणते हा गोंधळ ताणाच्या वेळी हमखास होतो आणि मग चूक कुठे झाली हे कळायला एकही पायरी कागदावर नसते. मूळ सूत्र, चिन्हे, लसावि, उलटणे: चार ओळी लिहायला चाळीस सेकंद लागतात.

आता विद्युतधारेकडे या. 20 ओहम आणि 30 ओहमचे रोध समांतर जोडले, ज्याला आपण वर्गात पॅरलल म्हणतो, तर 1/R = 1/20 + 1/30 = 5/60, म्हणून R = 12 ओहम. भिंगाच्या उदाहरणात जी चूक होती तीच संख्या इथे बरोबर उत्तर आहे. समांतर जोडणीत वाटा वाढतात, म्हणून इथे कायम बेरीजच असते, चिन्हांचा प्रश्न येत नाही आणि उत्तर नेहमी लहानात लहान रोधापेक्षाही कमी येते. 25 असे उत्तर आले तर तुम्ही सरासरी काढली आहे, 50 आले तर एकसर जोडणी धरली आहे, आणि 0.083 आले तर उलटायचे राहिले आहे.

या 12 ओहमला धरून एक पूर्ण परिपथ सोडवू. घटाचे ई.एम.एफ. 10 व्होल्ट, अंतर्गत रोध 2 ओहम. त्याला 6 ओहमचा रोध एकसर जोडला आहे आणि पुढे 20 व 30 ओहमची समांतर जोडी आहे. एकूण रोध 2 + 6 + 12 = 20 ओहम, म्हणून धारा 10/20 = 0.5 अँपिअर. इथपर्यंत बहुतेक जण येतात. पुढचा प्रश्न असा असतो की 20 ओहममधून किती धारा वाहते, आणि तिथे दोन चुका ठरलेल्या आहेत. पहिली, 10 व्होल्टला थेट 20 ने भागून 0.5 लिहिणे, जणू संपूर्ण ई.एम.एफ. त्या एकाच रोधावर पडले आहे. दुसरी, 0.5 अँपिअरची वाटणी 2 : 3 करून 20 ओहमला 0.2 देणे. वाटणी उलट्या प्रमाणात होते, कमी रोधाला जास्त धारा, म्हणून 20 ओहमला 0.3 आणि 30 ओहमला 0.2.

वाटणीचे प्रमाण उलटे की सुलटे याची खात्री नसेल तर धारेची वाटणी करूच नका. आधी विभवांतर काढा: समांतर जोडीवर 0.5 × 12 = 6 व्होल्ट. मग 6/20 = 0.3 आणि 6/30 = 0.2. एक पायरी वाढते, पण उलटसुलट होण्याचा धोका जातो. शेवटी बेरीज तपासा: 6 ओहमवर 3 व्होल्ट, जोडीवर 6 व्होल्ट, घटाच्या आत 1 व्होल्ट, मिळून 10. घटाच्या टोकांवरचे विभवांतर 9 व्होल्ट आहे हेही याच बेरजेत दिसते, त्यासाठी वेगळे सूत्र आठवावे लागत नाही. ही बेरीज म्हणजेच किरचॉफचा दुसरा नियम. नाव मोठे असले तरी तो दुकानदाराच्या हिशेबाइतका साधा आहे, की जेवढे आले तेवढे कुठे तरी खर्च झालेच पाहिजे.

अंतर्गत रोध विसरलात तर धारा 10/18 येते, म्हणजे 0.55 आणि पुढे संपतच नाही. नीटमध्ये गणकयंत्र नसते, म्हणून प्रश्न काढणारे बहुधा सुटसुटीत भागाकार जाणारे आकडे देतात. त्यामुळे मधल्या पायरीवर ओबडधोबड संख्या आली तर पुढे रेटण्याआधी एकदा आकृती पुन्हा पाहा. हा नियम नाही, केवळ इशारा आहे. काही प्रश्नांची उत्तरे खरोखरच अवघड दशांशात असतात.

शक्तीच्या उदाहरणांत I²R घ्यावे की V²/R, या प्रश्नावर मुले वर्षभर अडतात. दोन्ही बरोबर आहेत, फक्त तुलना करताना जी राशी दोघांत समान आहे ती असलेले सूत्र घ्यायचे. वरच्या जोडीत विभवांतर समान आहे, म्हणून V²/R: कमी रोधाला जास्त शक्ती, 20 ओहमला 36/20 = 1.8 वॅट, 30 ओहमला 1.2 वॅट. हेच दोन रोध एकसर असते तर धारा समान, मग I²R आणि 30 ओहमला जास्त. 220 व्होल्ट, 100 वॅटचा दिवा 110 व्होल्टवर लावला तर काय होईल, या प्रश्नात रोध 484 ओहम काढत बसू नका. रोध तोच आहे असे प्रश्नात धरलेले असते, विभवांतर निम्मे झाले, निम्म्याचा वर्ग पाव, उत्तर 25 वॅट. प्रश्नात सर्व संख्यांऐवजी केवळ काय किती पट झाले हे पाहणे, ही गणित कच्चे असलेल्याची सर्वांत मोठी बचत आहे.

तीच बचत मीटर ब्रिजमध्ये दिसते. डाव्या खाचेत 20 ओहम आणि उजव्या खाचेत 30 ओहम, तर संतुलन बिंदू कुठे? 20 : 30 म्हणजे 2 : 3, शंभर सेंमीचे पाच भाग, एक भाग 20 सेंमी, म्हणून डाव्या टोकापासून 40 सेंमी. रोधांची अदलाबदल केली तर 60. तिरकस गुणाकार करून l/(100−l) चे समीकरण मांडण्याची गरज पडत नाही. तारेच्या उदाहरणांतही असेच: तार ताणून लांबी दुप्पट केली तर आकारमान तेवढेच राहते, छेदाचे क्षेत्रफळ निम्मे होते, रोध चौपट. मात्र लांबी 10 टक्के वाढवली तर रोध 20 नव्हे, 21 टक्के वाढतो, कारण 1.1 चा वर्ग 1.21. दुप्पट टक्के ही युक्ती एक-दोन टक्क्यांपर्यंतच वापरावी.

यंगच्या दोन फटींच्या प्रयोगात अडचण वेगळी आहे, तिथे दहाचे घात गळा धरतात. तरंगलांबी 600 नॅनोमीटर, पडदा 1 मीटरवर, फटींमधील अंतर 0.3 मिलिमीटर. आधी सगळे मीटरमध्ये लिहा: 6 × 10⁻⁷, 1 आणि 3 × 10⁻⁴. आता आकडे एकीकडे, घात दुसरीकडे: 6/3 = 2, आणि −7 मधून −4 वजा केले की −3. पट्ट्याची रुंदी 2 × 10⁻³ मीटर, म्हणजे 2 मिलिमीटर. ऋण संख्येतून ऋण संख्या वजा करताना −11 लिहिणारे विद्यार्थी मला दरवर्षी भेटतात. अशा पट्ट्याची रुंदी साधारण मिलिमीटरच्या आसपास असते एवढे लक्षात असले तर ती चूक जागच्या जागी पकडता येते. संपूर्ण उपकरण पाण्यात बुडवले, अपवर्तनांक 4/3, तर पुन्हा गणित करायचे नाही. रुंदी तीन चतुर्थांश, 1.5 मिलिमीटर.

आता उजळणीच्या क्रमाविषयी. पहिल्या आठवड्यात नवीन उदाहरणे सोडवू नका. या दोन प्रकरणांतील आधी चुकलेली चाळीस-पन्नास उदाहरणे काढा आणि प्रत्येकात पहिली चुकलेली ओळ कोणती, तिथे लाल खूण करा. खुणेशेजारी एकच शब्द लिहा: चिन्ह, अपूर्णांक, एकक, आकृती किंवा संकल्पना. स्वतःला गणितात कच्चे समजणाऱ्यांच्या वह्यांमध्ये मला अनेकदा आकृती हा शब्दच जास्त दिसला आहे. परिपथ वेडावाकडा काढलेला असतो, दोन रोध समांतर आहेत हे डोळ्यांना दिसत नाही, आणि दोष मात्र गणिताला दिला जातो. त्यावर उपाय असा, की तारेने थेट जोडलेल्या सर्व बिंदूंना एकच अक्षर द्या, मग प्रत्येक रोधाच्या दोन टोकांची अक्षरे लिहा. ज्या रोधांची दोन्ही अक्षरे सारखी ते समांतर. मग परिपथ पुन्हा सरळ काढा.

दुसऱ्या आठवड्यापासून ज्या शब्दाच्या खुणा जास्त आहेत त्याचाच सराव करा. चुकलेले उदाहरण तिसऱ्या दिवशी आणि पुन्हा दहा दिवसांनी सोडवा, पण आकडे बदलून, कारण 60 हे उत्तर लक्षात राहिले असेल तर तो उदाहरणाचा सराव ठरत नाही. शेवटच्या तीन आठवड्यांत दोन्ही प्रकरणे मिसळून सोडवा, म्हणजे कुठे जोडायचे आणि कुठे वजा करायचे हा निर्णय प्रकरणाच्या शीर्षकावरून न होता प्रश्नावरून होईल. जुन्या प्रश्नपत्रिका वापरताना एवढे पाहा, की पोटेन्शिओमीटर 2024 पासूनच्या अभ्यासक्रमातून वगळला आहे. त्यावरचे जुने प्रश्न संख्येने बरेच आहेत आणि त्यांवर दिवस घालवणे व्यर्थ आहे.

काय सोडून द्यायचे हेही आधी ठरवा. तीन अज्ञात धारांची समीकरणे मांडावी लागणारा किरचॉफचा परिपथ आणि बारा रोधांचा घन ही दोन मी तुमच्यासारख्या विद्यार्थ्यांना बाजूला ठेवायला सांगतो. परंतु पाच रोधांचा परिपथ दिसला की लगेच सोडू नका. आधी गुणोत्तर पाहा. वर 20 आणि 30, खाली 40 आणि 60, मध्ये 7 ओहम असेल, तर 20/30 आणि 40/60 समान आहेत, मधून धारा वाहत नाही, 7 खोडून टाका. राहिले 50 आणि 100 समांतर: 2/100 + 1/100 = 3/100, म्हणजे 33.3 ओहम. गुणोत्तर जुळले नाही तर मात्र पुढच्या प्रश्नाकडे जा. 180 मिनिटांत 180 प्रश्न आहेत, बरोबर उत्तराला 4 गुण मिळतात आणि चुकीच्याला 1 जातो. जीवशास्त्र लवकर संपवून भौतिकशास्त्राच्या 45 प्रश्नांना साधारण एक तास उरतो असे धरले, तर एका परिपथावर पाच मिनिटे घालवणे म्हणजे भिंगाचे, मीटर ब्रिजचे आणि दिव्याचे असे हातातले तीन प्रश्न वाचायचेच राहून जाणे होय.